ज्वारीतला तोच चट्टा दरवर्षी का जळतो, आणि त्यावरचा उपाय केल्यावर पुढचं पीक का उगवत नाही

तक्रार साधारण अशी येते. ज्वारी छान उगवते, महिनाभर ठीक दिसते आणि मग शेताच्या एकाच भागात ती बसते. जमिनीत ओल असूनही दुपारी पानं गुंडाळतात, कडा भाजल्यासारख्या होतात आणि कणसं भरतच नाहीत. बियाणं बदललं, खत बदललं, पाणी वाढवलं, तरी पुढच्या वर्षी तोच भाग तसाच बसतो. फरक एवढाच, की चट्टा थोडा मोठा झालेला असतो आणि कुळव ज्या दिशेने फिरतो त्या दिशेला लांबलेला असतो.

ज्या शेताच्या आधारे मी हे लिहितो आहे, तिथे दोन तक्रारी एकात एक गुंतल्या होत्या. पहिली वर सांगितली ती. दुसरी नंतर सुरू झाली. कुणाच्या तरी सल्ल्याने शेतकऱ्याने त्या चट्ट्यावर उपाय केला आणि त्यानंतर पेरलेला तीळ तिथे जवळजवळ उगवलाच नाही. त्यांचा निष्कर्ष होता की ही जमीनच मेली आहे. जमीन मेलेली नव्हती. पहिल्या तक्रारीमागे टारफुला नावाचं, ज्वारीच्या मुळावर जगणारं परजीवी तण होतं. दुसरीमागे ज्वारीच्याच अवशेषांतून बाहेर पडणारी रसायनं होती, म्हणजे ज्याला ॲलेलोपॅथी म्हणतात ते. दोन्हींची मुळं ज्वारीच्या मुळातच आहेत, पण उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय घाईने केला की दुसरी अडचण ओढवते.

आधी एक प्रश्न: उगवलंच नाही, की उगवून मेलं?

पीक विरळ दिसलं की लोक थेट कारणाकडे धावतात. त्याआधी मोजणी करा. पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी चट्ट्यात पाच ठिकाणी आणि चट्ट्याबाहेर पाच ठिकाणी, ओळीच्या एक मीटर लांबीतली झाडं मोजून वहीत लिहा. त्याच जागी खुंट्या रोवून ठेवा आणि ५० दिवसांनी पुन्हा मोजा.

आमच्या ज्वारीत पहिल्या मोजणीत आत-बाहेर काहीच फरक नव्हता. मीटरला आठ-नऊ झाडं दोन्हीकडे होती. पन्नासाव्या दिवशी बाहेर तेवढीच उभी होती. आत तीन वाळलेली, तीन गुडघ्याएवढी खुरटलेली आणि उरलेली कशीबशी तग धरून होती. म्हणजे बियाणं चांगलं होतं, पेरणीची खोलीही बरोबर होती, आणि नुकसान उगवणीनंतर झालं होतं. ही एक गोष्ट कळली की निम्मी कारणं बाजूला पडतात. तिळात चित्र उलट होतं. तिथे दहाव्या दिवसापर्यंतच नांगे पडलेले होते आणि जे उगवलं ते नंतर मेलं नाही, फक्त हळू वाढलं. एकाच जागेवरचे हे दोन वेगळे आजार आहेत, हे त्या दोन मोजण्यांनीच सांगितलं.

ज्वारीचा चट्टा: खणून बघा

संशय टारफुल्याचा होता. टारफुला जमिनीवर दिसतो तेव्हा ओळखायला सोपा असतो. वीतभर उंचीचं, बारीक खरखरीत पानांचं हिरवं झाड ज्वारीच्या बुंध्याजवळ येतं आणि त्याला जातीनुसार पांढरी, लाल किंवा जांभळट फुलं लागतात. पण तो दिसेपर्यंत थांबणं हीच मुख्य चूक आहे. उगवल्यावर चार ते सात आठवडे तो जमिनीखालीच असतो आणि त्या काळात पूर्णपणे ज्वारीवर जगतो. पिकाची बरीचशी हानी याच काळात होऊन गेलेली असते. वर आल्यावर त्याची पानं हिरवी होतात आणि तो थोडंफार अन्न स्वतः तयार करतो, तरी पाणी आणि खनिजं ज्वारीच्याच मुळातून ओढतो.

म्हणून पेरणीनंतर ३५ ते ४० दिवसांनी खणून बघायचं. रोगट दिसणारं एक झाड निवडा. चट्ट्याच्या अगदी मधलं मेलेलं झाड नको, कडेचं अर्धवट बसलेलं घ्या. बुंध्यापासून वीतभर अंतर ठेवून चारी बाजूंनी फावडं मारा आणि मातीचा ढेकूळ तसाच उचलून पाण्याच्या बादलीत बुडवा. अर्धा तास भिजू द्या. मग माती हलक्या हाताने सुटू द्या. झाड ओढून काढलं तर टारफुल्याचे नाजूक सांधे तुटून मातीत राहतात आणि "काही नाही सापडलं" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. धुतलेल्या मुळांवर पांढरे, मांसल, खवल्यासारखी पानं असलेले कोंब चिकटलेले दिसले आणि ते मुळाला जिथे भेटतात तिथे छोटी गाठ दिसली, तर शंका उरत नाही. आमच्या पहिल्याच ढेकळात असे अकरा कोंब होते. जमिनीवर त्या दिवशी एकही टारफुला नव्हता.

मुळांवर काहीच चिकटलेलं नसेल तर दुसरीकडे शोधा. मुळांना बारीक गाठी असतील तर सूत्रकृमी असू शकतात. मुळं आडवी पसरून एका खोलीवर थांबली असतील तर खाली कडक थर आहे. मूळ आतून काळं-तांबूस असेल तर कुज आहे. बादलीतली ही तपासणी अर्ध्या तासाची आहे. ती न करता टारफुल्यावर दोन हंगाम घालवले गेलेले मी पाहिले आहेत, आणि खाली निघाला होता तो कडक थर.

तो दरवर्षी तिथेच का येतो

टारफुल्याचं बी धुळीच्या कणाएवढं असतं, मिलिमीटरचा पाव भाग. एक झाड हजारो, कधी लाखाच्या घरात बी टाकतं, आणि मातीत ते दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकतं. एवढ्या लहान बियात साठवलेलं अन्न नसल्यातच जमा असतं. उगवल्यावर काही दिवसांत मूळ सापडलं नाही तर रोप मरतं. त्यामुळे ते आंधळेपणाने उगवत नाही. आधी त्याला आठवडा-दोन आठवडे उबदार ओल लागते. त्यानंतर जवळून एखादं मूळ गेलं आणि त्यातून स्ट्रायगोलॅक्टोन नावाची रसायनं पाझरली, तरच ते जागं होतं. जवळून म्हणजे खरोखरच जवळून, मुळापासून काही मिलिमीटरच्या आत. मग त्याचं इवलंसं मूळ ज्वारीच्या मुळाला भिडतं, टोकाशी चिकटणारा अवयव तयार होतो आणि तो आत घुसतो.

ज्वारी हे रसायन टारफुल्यासाठी सोडत नाही. मुळांशी भागीदारी करणाऱ्या, स्फुरद मिळवून देणाऱ्या बुरशीला दिलेली ती हाक असते, आणि तण ती चोरून ऐकतं. यातून एक अतिशय उपयोगाची गोष्ट निघते: जमीन जितकी भुकेली, तितकी ही हाक मोठी. नत्र आणि स्फुरद कमी असलेल्या जमिनीत मुळातून ही रसायनं जास्त पाझरतात. हलक्या, उपाशी भागातच टारफुला का माजतो, याचं मोठं कारण हेच आहे. आमचा चट्टाही बांधाकडच्या उताराच्या तोंडावर होता, जिथली वरची माती वाहून गेली होती.

हे रसायन पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं ते १९६६ साली, आणि तेही कापसाच्या मुळांतून. कापसावर टारफुला जगू शकत नाही. म्हणजे कापूस हाक देतो, बी उगवतं, पण आत शिरता येत नाही आणि रोप मरतं. सापळा पिकांचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे. सोयाबीन, भुईमूग, तीळ, सूर्यफूल यांतही हा गुण आहे, पण तो वाणावाणांत कमीजास्त असतो. चवळीलाही तो आहे, मात्र चवळीवर जगणारी टारफुल्याची एक वेगळी जात आहे. ती तुमच्याकडे असेल तर चवळी सापळा नव्हे, खाद्य ठरते.

उपाय केला आणि तीळ उगवला नाही: दुसरी तक्रार

आता त्या शेतकऱ्याने काय केलं ते सांगतो, कारण त्यांचा उपाय मुळात चुकीचा नव्हता. त्यांनी चट्ट्यावर ज्वारी मुद्दाम दाट पेरली. हेतू असा, की टारफुल्याचं बी मोठ्या प्रमाणात उगवावं, ज्वारीला चिकटावं आणि फुलं यायच्या आत सगळं गाडून टाकावं. चाळिसाव्या दिवशी त्यांनी ती हिरवीगार ज्वारी नांगरून मातीत मिसळली. हे जुनं आणि खरोखर चालणारं तंत्र आहे. ओल निघून जाईल म्हणून सहाव्या दिवशी त्यांनी तिथेच तीळ पेरला. तीळ निवडणंही चूक नव्हतं, तो सापळा पीक आहे. चुकला तो मधला वेळ.

ज्वारी हे ॲलेलोपॅथीच्या बाबतीत नावाजलेलं पीक आहे. तिच्या मुळांच्या केसांतून सोरगोलिओन नावाचं तेलकट द्रव्य सतत पाझरतं आणि शेजारच्या लहान रोपांची वाढ दाबतं. पानाखोडांत फिनॉलिक आम्लं असतात. कोवळ्या ज्वारीत धुरिन असतं, ज्यातून ऊती चिरडल्यावर हायड्रोजन सायनाइड सुटतं. कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात ती त्यामुळेच. हे सगळं एकदम, ताजं, वरच्या पाच-दहा सेंटिमीटर मातीत मिसळलं गेलं, आणि तिथेच दोन सेंटिमीटरवर तिळाचं बी पडलं. तिळासारख्या बारीक बियाला अशा मातीतून वर यायला फार कमी ताकद असते. त्याच मातीत हरभऱ्यासारखं टपोरं बी बहुधा बऱ्यापैकी वर आलं असतं.

पण हे लगेच मान्य करू नका. मीही केलं नव्हतं. ॲलेलोपॅथी हा शब्द फार सैल वापरला जातो आणि कारण सापडलं नाही की तिच्या माथी मारलं जातं. ताजं हिरवं गाडल्यावर पहिले दोन आठवडे रोपं कुजवणारी बुरशीही माजते, आणि बाहेरून चित्र तेच दिसतं. वाळलेली धसकटं आणि कडबा गाडला असेल तर तिसरी शक्यता असते: तो कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी उचलतात आणि रोपं पिवळी पडतात. चाळीस दिवसांच्या कोवळ्या ज्वारीत नत्र बऱ्यापैकी असल्यामुळे इथे ती शक्यता कमी होती, आणि नत्राच्या कमतरतेने रोप पिवळं पडतं, न उगवणं सहसा होत नाही.

कुंड्यांची चाचणी

हे वेगळं करायला प्रयोगशाळा लागत नाही. चट्ट्यातली वरची सात-आठ सेंटिमीटर माती, अवशेषांसकट, घ्या. तशीच माती त्याच शेतातल्या, ज्वारी न गाडलेल्या जागेतून घ्या. लहान कुंड्या किंवा तळाला भोक पाडलेले डबे चालतील. चट्ट्याच्या मातीचे तीन गट करायचे. पहिल्यात नुसती माती आणि साधं बी. दुसऱ्यात तीच माती, पण बुरशीनाशक लावलेलं बी. तिसऱ्यात मातीत बारीक केलेला सक्रिय कोळसा मिसळायचा, साधारण एक किलो मातीला दोन चमचे. चांगल्या मातीचे दोन गट: एक नुसता, एक कोळसा घातलेला. प्रत्येक गटात तीन कुंड्या आणि प्रत्येक कुंडीत वीस दाणे. पाणी सगळ्यांना सारखं मोजून द्या आणि दहाव्या दिवशी मोजा.

कोळसा ही सेंद्रिय रसायनं धरून ठेवतो. त्यामुळे कोळशाने उगवण सुधारली तर अडथळा रासायनिक होता असं म्हणता येतं. बुरशीनाशकाने सुधारली तर कुज होती. चांगल्या मातीतला कोळशाचा गट गाळू नका. तिथेही कोळशाने वाढ बदलली, तर कोळशाचा परिणाम दुसऱ्याच कुठल्या तरी मार्गाने होतो आहे आणि चाचणीवर विसंबता येणार नाही.

आमच्या कुंड्यांत साठ दाण्यांपैकी चट्ट्याच्या नुसत्या मातीत १९ उगवले, बुरशीनाशकाच्या गटात २५ आणि कोळशाच्या गटात ४६. चांगल्या मातीत दोन्ही गटांत पन्नाशीच्या वर होते. म्हणजे थोडी कुज होती, पण मुख्य अडथळा रसायनांचा होता. रोपं धुऊन बघितल्यावर तेच दिसलं. नुसत्या मातीतल्या रोपांची मुळं आखूड, टोकं तपकिरी आणि बाजूची मुळं जवळपास नाहीत. कुजलेलं मूळ मऊ, पाणचट होऊन सालीसकट सुटतं. ही मुळं टणक होती, फक्त थांबलेली.

तुमच्याकडे कुंड्यांत सगळीकडेच छान उगवलं आणि शेतात मात्र नाही, तर रसायनांना सोडून द्या. पेरणीची खोली, मातीवर आलेली पापडी, किंवा पाभरीत धसकटं अडकून बी मोकळ्यावर पडणं हे तपासा.

एक सावधगिरी सांगतो. पाला भिजवून त्याचा अर्क कागदावरच्या बियांवर घालण्याची पद्धत बरेच जण वापरतात. तिच्यात जवळपास कुठल्याही झाडाचा दाट अर्क उगवण रोखतो, कधी रसायनामुळे, कधी नुसत्या क्षारांमुळे. शेतात माती आणि जिवाणू मधे असतात. मी त्या चाचणीवरून निर्णय घेत नाही.

दुसऱ्या तक्रारीचा उपाय म्हणजे मुख्यतः वेळ

ही रसायनं कायमची नसतात. सायनाइड काही दिवसांत निघून जातं. फिनॉलिक आम्लं उबदार, ओलसर, हवा खेळणाऱ्या मातीत जिवाणू काही आठवड्यांत मोडतात. माती कोरडी किंवा थंड असेल, किंवा पाणी साचलेलं असेल, तर हे काम रेंगाळतं. म्हणून "किती दिवस थांबू" याला एकच आकडा नाही. ओल आणि ऊब असेल तर तीन ते चार आठवडे धरावेत, आणि पेरायच्या आधी त्याच मातीच्या दोन कुंड्यांत दाणे टाकून खात्री करावी. आमच्याकडे गाडल्यापासून २६व्या दिवशी घेतलेल्या मातीत तीळ चांगल्या मातीइतकाच उगवला. त्याच मातीने तीन आठवड्यांपूर्वी दोन तृतीयांश बी दाबलं होतं.

थांबायला सवडच नसेल तर दुय्यम उपाय आहेत. पेरणीच्या ओळीतून हाताच्या पंजाएवढ्या पट्ट्यातले अवशेष बाजूला सारावेत. बारीक बियाच्या ऐवजी टपोऱ्या बियाचं पीक घ्यावं. कापणीनंतरची पक्की धसकटं असतील तर ती वेचून काढावीत, आणि फुटवे येऊ देऊ नयेत, कारण जिवंत मूळ सोरगोलिओन सोडत राहतं. बियाण्याचं प्रमाण वाढवणं हा उपाय लोक पहिल्यांदा करतात. त्याने नांगे थोडे कमी दिसतात, पण उगवलेली रोपं तितकीच खुरटी राहतात. मला तो पटत नाही.

टारफुल्याचा आराखडा

सगळ्यात आधी स्पष्ट सांगायला हवं: मुळांवर कोंब दिसल्यानंतर त्या हंगामातलं पीक फारसं वाचवता येत नाही. त्या वर्षीचं काम म्हणजे नवं बी जमिनीत पडू न देणं. टारफुला वर आल्यापासून साधारण महिन्याभरात फुलतो आणि त्यानंतर लवकरच बोंडं पिकतात. त्यामुळे दर आठवड्या-दहा दिवसांनी चट्ट्यात फिरून फुलाआधी उपटावं लागतं. एकदा उपटून भागत नाही, खालून नवे येत राहतात. फुलं लागलेली झाडं बांधावर टाकू नका, उपटल्यावरही बोंडं पिकू शकतात. ती पोत्यात भरून जाळा. गुरांना घालू नका, बी शेणातून जिवंत बाहेर पडतं. कुळव आणि नांगर चट्ट्यात सगळ्यात शेवटी फिरवा आणि माती तिथेच झाडून काढा. आमचा चट्टा कुळवाच्या दिशेने लांबला होता तो याच मातीमुळे.

तणनाशकाचा विचार असेल तर उगवलेल्या टारफुल्यावर २,४-डी चालतं आणि ज्वारी ते ठरावीक वाढीच्या अवस्थेत सोसते. पण त्याचा उपयोगही बी थांबवण्यापुरताच आहे, कारण हानी आधीच झालेली असते. शेजारी कापूस, द्राक्ष किंवा भाजीपाला असेल तर वाऱ्याने गेलेला अंशही नुकसान करतो, तेव्हा अशा ठिकाणी हाताने उपटणंच बरं. मात्रा आणि अवस्था डब्यावरच्या सूचनेप्रमाणे घ्या, ऐकीव नको.

दुसरी बाजू जमिनीची भूक भागवण्याची. चट्ट्यात शेणखत आणि नत्र इतर शेतापेक्षा जास्त लागतं, आणि नत्र पेरणीबरोबर आणि लगेच पुढच्या हप्त्यात, म्हणजे मुळं पसरत असताना मिळायला हवं. मूठभर युरिया उशिरा टाकून फरक पडत नाही.

तिसरी बाजू फेरपालटाची, आणि तिथे अपेक्षा नीट ठेवायला हवी. सापळा पीक मुळांच्या काही मिलिमीटर परिसरातलंच बी उगवून मारतं. एका हंगामात साठ्याचा काही भाग जातो, बाकी तसाच राहतो. त्यामुळे एक वर्ष सोयाबीन घेऊन परत ज्वारी, यात चट्टा जात नाही. सलग दोन-तीन हंगाम तरी ज्वारी, मका, बाजरी यांना त्या जागेपासून दूर ठेवावं लागतं. आणि सापळा पिकात गवतवर्गीय तणं राहू देऊ नयेत. त्यातली बरीचशी टारफुल्याला आसरा देतात आणि सगळं मुसळ केरात जातं.

याच तत्त्वाचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे १९५६ साली उत्तर आणि दक्षिण कॅरोलिनात मक्यावर टारफुला सापडला. तिथे जमिनीत इथिलीन वायू सोडून, पीक नसतानाच बी उगवायला लावलं, म्हणजे आपोआप मरायला लावलं. जोडीला तणनियंत्रण, वाहतुकीवर निर्बंध आणि वर्षानुवर्षांची पाहणी होती. क्षेत्र अगदी थोडं उरलं, पण त्याला अनेक दशकं लागली. वायू सोडायची यंत्रणा एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातली नाही. दशकं का लागली, ते मात्र बियाच्या आयुष्यावरून समजतं.

ॲलेलोपॅथी इथे बाजू बदलते, आणि मला या विषयातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. केनियात मका-ज्वारीच्या ओळींमध्ये डेस्मोडियम हे शेंगवर्गीय चारापीक लावण्याची पद्धत विकसित झाली. मुळात ती खोडकिड्यासाठी होती. पण त्या शेतांत टारफुला कमालीचा कमी झाला. डेस्मोडियमच्या मुळांतून एक द्रव्य टारफुल्याचं बी उगवायला लावतं आणि दुसरी काही द्रव्यं त्या रोपाच्या मुळाची वाढ रोखतात, त्यामुळे ते पिकापर्यंत पोहोचतच नाही. मर्यादाही आहेत. डेस्मोडियम बहुवर्षायू आहे, त्याला पुरेसा पाऊस लागतो, ते वेळच्या वेळी कापावं लागतं, आणि चारा खाणारी जनावरं घरात असली तरच हा हिशेब बसतो.

वाणांचंही असंच आहे. काही ज्वारी हाकच हळू देतात. अशा वाणांवरच्या कामासाठी गेबिसा एजेटा यांना २००९ सालचा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. काहींच्या मुळाच्या आतल्या थराला जाड भिंती असल्यामुळे टारफुल्याला आत शिरणं जड जातं. असा वाण मिळत असेल तर जरूर घ्या, पण एका भागातला टारफुला दुसऱ्या भागातल्यापेक्षा वेगळा वागतो, म्हणून चट्ट्यात आधी चार ओळी लावून बघा.

खोल नांगरटीबद्दल लोक नेहमी विचारतात. बी वीतभराच्या खाली गेलं तर त्यातलं फार थोडं पिकाला गाठतं, हे खरं. पण पुढच्या वर्षी पुन्हा तितकीच खोल नांगरट केली तर तेच बी वर येतं. एकदा खोल नांगरून पुढची काही वर्षं वरचेवर मशागत करणार असाल तरच करा.

तण वेगळं असेल तर हा आराखडा जसाच्या तसा लागू होत नाही. तंबाखू, वांगी, टोमॅटो, मोहरीतला बंबाखू हिरवा नसतो आणि पूर्णपणे मुळावर जगतो. त्याची सापळा पिकं वेगळी आहेत, आणि कडक उन्हात ओली जमीन चार-सहा आठवडे पारदर्शक प्लास्टिकने झाकल्यास त्याच्या बियांवर चांगला परिणाम होतो. अमरवेल खोडावर जगते. ती दिसताच तिच्यासकट खालचं पीकही कापून जागेवर जाळावं, कारण तुटलेला दोराही पुन्हा चिकटतो.

त्या शेतात पुढे काय केलं

पहिल्या वर्षी दाट ज्वारी पेरून चाळिसाव्या दिवशी गाडली, या वेळी मधे २६ दिवस ठेवले आणि मग तीळ पेरला. दुसऱ्या वर्षी सोयाबीन, भरपूर शेणखत, आणि गवतासाठी दोन खुरपण्या. तिसऱ्या वर्षी पुन्हा सोयाबीन, पण चट्ट्याच्या मधोमध ज्वारीच्या तीन मीटर लांबीच्या दोन ओळी केवळ तपासणीसाठी टाकल्या. चाळिसाव्या दिवशी त्यातली सहा झाडं ढेकळासकट बादलीत धुतली. चार झाडांची मुळं स्वच्छ निघाली, दोन झाडांवर मिळून तीन कोंब होते. उरलेली ज्वारी त्याच आठवड्यात मुळासकट काढली, म्हणजे त्यातून टारफुला फुलायला नको. शेतकऱ्याला त्या वर्षीच ज्वारीवर परतायचं होतं. तीन कोंब पाहून त्यांनी आणखी एक वर्ष सोयाबीन ठरवलं, आणि तपासणीच्या ओळी त्या वर्षीही टाकायच्या म्हणून खुंट्या तिथेच ठेवल्या.